‘बॉर्डरलाइन आहे, गोड कमी करा’ : हा सल्ला आता बंद व्हायला हवा

रिपोर्ट हातात घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आत सांगतो, “डॉक्टर, शुगर नाहीये, फक्त बॉर्डरलाइन आहे. मी गोड बंदच केलंय.” या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या रुग्णाच्या नाहीत, आम्हा डॉक्टरांच्या आहेत. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द आम्हीच वापरात आणला. रांगेत वीस रुग्ण बसलेले असताना ‘गोड कमी करा, सहा महिन्यांनी दाखवा’ एवढं बोलून पुढच्याला बोलावतो तेही आम्हीच.

आधी आकडे बघू. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर त्याला पूर्वमधुमेह किंवा प्रीडायबेटिस म्हणतात. ही काठावरची जागा नाही, उतार आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने या अवस्थेतल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराचा आणि चालण्याचा नेटाने पाठपुरावा केला, त्यांच्यात तो शंभरातल्या ३९ जणांना झाला.

हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा. ५५ चे ३९ झाले म्हणजे दर शंभर माणसांमागे सोळा जण त्या तीन वर्षांत मधुमेहापासून दूर राहिले, तेही साध्या बदलांनी. पण मनापासून प्रयत्न करूनही ३९ जणांना मधुमेह झालाच. म्हणून ‘तीन महिन्यांत शुगर मुळापासून गायब’ अशी जाहिरात करणारा तुम्हाला फसवतो आहे. आणि ‘नशिबात असेल तर होणारच’ म्हणणारे काका तुमचं त्याहून जास्त नुकसान करताहेत.

आता गोडाकडे वळू. एका गृहस्थांचं उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ४६, बसून काम, वजन ७४ किलो, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर ११२, जेवणानंतर १६८, एचबीए१सी ६.१. वर्षभर ‘पथ्य’ पाळूनही आकडे वाढलेच होते, त्यामुळे ते वैतागले होते. मी त्यांना म्हटलं, काल काय खाल्लंत ते वेळेसकट सांगा.

सकाळी गुळाचा चहा आणि चार बिस्किटं. नऊला शिगोशीग एक प्लेट बटाटेपोहे. डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी पुन्हा गुळाचा चहा, पुन्हा चार बिस्किटं. रात्री साडेनऊला तीन पोळ्या, पातळ आमटी, दोन वाट्या भात, पापड. दर गुरुवारी उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, केळी आणि बटाट्याचा कीस.

आता हिशेब मांडू. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यातून सुमारे २० ग्रॅम पिष्ट पोटात जातं. चहातली चार चमचे साखर म्हणजेही साधारण २० ग्रॅमच. म्हणजे या गृहस्थांनी दिवसभराची साखर खरोखर सोडली असती, तरी ती एक पोळी सोडण्याएवढीच ठरली असती. त्यांनी तर तीही सोडली नव्हती, तिच्या जागी गूळ आणला होता. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. आतड्याला रंगावरून फरक कळत नाही. दुसरीकडे सात पोळ्यांचे १४०, दोन वाट्या भाताचे ८० च्या आसपास, पोह्यांचे ५०, आठ बिस्किटांचे ४०, मिळून ३०० ग्रॅमच्या वर पिष्ट रोज जात होतं आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण ते गोड लागत नाही. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. त्यांच्या आठवड्यातला साखरेसाठी सर्वांत वाईट दिवस उपवासाचा होता!

इथे कुणीतरी म्हणेलच, मग पोळी सोडून भाकरी खावी. जरूर खा, ज्वारी चांगलीच आहे. पण एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर पिष्ट कमी झालं नाही, दुप्पट झालं. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी, असा तो हिशेब आहे. ‘डायबेटिक आटा’, ‘मल्टिग्रेन’, ‘शुगर-फ्री’ बिस्किटं यांनाही हाच नियम लावा: पाकिटावर पुढे काय छापलंय ते राहू द्या, मागे कार्बोहायड्रेटचा आकडा वाचा.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि पोळी-भात पूर्ण बंद करतात. ते साधारण तीन आठवडे टिकतं, मग एखादं लग्न येतं. या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं. डब्यात तीन पोळ्या, पण बटाट्याऐवजी पालेभाजी किंवा फळभाजी आणि सोबत वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ. रात्री एक पोळी आणि एक वाटी भात. वरण मात्र घट्ट आणि मोठी वाटी, कारण पातळ आमटीत डाळ शोधावी लागते. पोहे निम्मे, त्यात मटार आणि शेंगदाणे, बाजूला एक उकडलेलं अंडं. बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे. चहा बिनसाखरेचा, बिनगुळाचा. गुरुवारी खिचडीऐवजी राजगिरा, दही, दाणे आणि एक फळ. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग पोळी-भात, म्हणजे जेवणानंतरची साखर हळू चढते. रात्री जेवण आठपर्यंत उरकून पंधरा मिनिटं चालणं. एवढ्यानं रोजचे साधारण ३०० ते ४०० उष्मांक कमी होतात आणि माणूस उपाशी उठत नाही.

उपाशी न राहण्यावर मी अडून बसतो, कारण खरं काम वजन उतरण्यातून होतं. यकृतात आणि पोटाच्या आत साठलेली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडाला तेवढ्याच कामासाठी जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. ही चरबी सर्वांत आधी उतरते, त्यामुळे थोडं वजन कमी झालं तरी फायदा मोठा होतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ३,२०० हून अधिक लोक होते. त्यांना उद्दिष्ट दिलं होतं फक्त सात टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं. जवळजवळ तीन वर्षांत त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. नंतर त्याच आकड्यांचा अभ्यास केल्यावर दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटत होता. ७४ किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे पाच किलो. वीस किलो उतरवायचे नाहीत, कॉलेजमधली पँट बसायची नाही. पाच किलो.

“पण मी कुठे जाड आहे?” हा प्रश्नही ठरलेला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. आपण बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीवाले असतो. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही वापरा: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी. आणि काटा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका. चेन्नईच्या त्या अभ्यासात लोकांचं सरासरी वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरीही फायदा झाला. जे मुळातच बारीक आहेत किंवा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागूच नये. त्यात स्नायू जातात. त्यांनी पिष्ट कमी करून डाळ, दूध, अंडी वाढवावीत. आणि काहीच न करता वजन उतरतंय, तहान लागतेय, रात्री लघवीला उठावं लागतंय, तर ते यश नाही. त्याच आठवड्यात रक्त तपासा.

पाच महिन्यांनी गृहस्थ आले तेव्हा वजन ६९.५, कंबर ९१. उपाशीपोटी साखर १०१, जेवणानंतर १३८, एचबीए१सी ५.८. ते जरा हिरमुसले होते, कारण १०१ अजूनही ‘नॉर्मल’ नव्हतं. मी म्हटलं, वर्षभर वर जाणारा आकडा खाली वळला, हेच तर हवं होतं. दिवाळी आणि लग्नसराईत दोन किलो परत आले, एचबीए१सी ६.० झालं. मग पुन्हा डब्यात तीन पोळ्या. हे असंच चालतं. गोळीचा विषय मी त्यांच्याबाबतीत काढला नाही. पण वजन खूप जास्त असेल, गरोदरपणात शुगर वाढलेली असेल, किंवा प्रयत्न करूनही आकडा चढत असेल, तर मेटफॉर्मिन घेण्यात हार मानण्यासारखं काही नाही.

त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. हे सगळं रांधणाऱ्या त्या, म्हणून मी त्यांचंही रक्त तपासायला सांगितलं. एचबीए१सी ६.० आलं आणि त्या घाबरल्या. पण उपाशीपोटी साखर ९२, जेवणानंतर ११८, आणि हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं, तसंच झालं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार महिन्यांनी ते ५.५ वर आलं. ताटातलं मी त्यांनाही विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर त्या जेवतात, आणि तोवर उसळ बहुतेक संपलेली असते. तेव्हा आता त्यांची वाटी आधी बाजूला काढून ठेवायची, असं गृहस्थांना सांगितलं आहे.