"डॉक्टर, जरा बुरी आली होती, पण मी ऊन दाखवलंय"

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा शेतातल्या अश्वगंधाच्या मुळांची पिशवी घेऊन आले. मुळांवर राखाडी-हिरवट थर होता. "पुसून ऊन दाखवलंय, आता काढा केला तर चालेल ना?" असं त्यांनी विचारलं. मी सगळी पिशवी टाकून द्यायला सांगितलं, तेव्हा ते नाराज झाले. तुम्हीही व्हाल, पण माझं उत्तर बदलणार नाही.

ऊन दाखवून बुरशी दिसेनाशी होते. काही बुरश्या मात्र अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार करतात, आणि ती पुसल्याने किंवा वाळवल्याने जात नाहीत. पाणी उकळतं त्या तापमानाला अफ्लाटॉक्सिन टिकून राहतं, म्हणजे काढा करूनही सुटका नाही. हे विष यकृताला मारक आहे आणि त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. शक्तीसाठी घेतलेल्या मुळीतून हे पोटात का घालायचं? विष डोळ्यांना दिसत नाही, वासावरूनही कळत नाही. चूर्ण केलं की तर बुरशीसुद्धा लपते.

मुळात चूक आधीच झालेली असते. आजोबांनी मुळं अख्खीच वाळवली होती. जाड मुळी बाहेरून कडक होते, आतला गाभा मात्र ओलाच राहतो. तो ओलावा बंद पिशवीत हळूहळू बाहेर येतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणून मुळं धुऊन, माती काढून, बोटभर लांबीचे तुकडे करा. जाड तुकडे उभे चिरा. चाळणीवर किंवा जाळीवर एकेरी पसरा, जमिनीवर नको. मग रोज वजन करा. काल ३१० ग्रॅम आणि आज ३०० भरलं, तर अजून पाणी आहे. सलग दोन दिवस वजन तेच राहिलं आणि तुकडा वाकण्याऐवजी कट्कन मोडला, तर मुळी वाळली.

पानांचं गणित उलटं आहे. तुळशीचा गुण बराचसा तिच्या सुगंधी तेलात असतो आणि ते कडक उन्हात उडून जातं. रंग उडालेली, वास गेलेली तुळस म्हणजे नुसता पाला. ती हवेशीर सावलीत विरळ पसरा, चुरगळल्यावर कुरकुरीत लागेपर्यंत. जास्वंदीच्या पाकळ्या लवकर वाळतात, पण देठाकडचा हिरवा भाग ओला राहतो. तपासायचं तिथे.

भरण्यापूर्वी माल पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरला तर बरणीला आतून घाम येतो. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे तुकडे घालून झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर बघा. काचेवर थेंब दिसले किंवा तुकडे मऊ पडले, तर पुन्हा वाळवा. मात्र तोवर बुरशी धरली असेल, तर ते वाळवू नका, टाकून द्या. बरणीवर तारीख लिहा, ती गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका आणि चूर्ण लागेल तेवढंच करा.

आजोबांनी यंदा मुळं चिरून वाळवली आहेत. ओला चमचा बरणीत घालू नका, एवढं सुनेला सांगायचं राहिलं म्हणून त्यांचा परवा फोन आला होता.