दोन लाखांचा झुकाव

निफ्टी ५० चा इंडेक्स फंड दहा वर्षं सांभाळलेल्या माणसाला हमखास मोह होतो, की थोडे पैसे ‘व्हॅल्यू’ किंवा ‘लो व्होलॅटिलिटी’कडे वळवावेत. ‘निफ्टी १०० लो व्होलॅटिलिटी ३०’ घ्या. निफ्टी १०० मधले, वर्षभरात ज्यांचे भाव सर्वांत कमी हेलकावले असे ३० शेअर यात असतात आणि जो जास्त शांत त्याला जास्त वजन. त्यामुळे साबण, बिस्किटं, औषधं बनवणाऱ्या कंपन्या यात सहसा भरपूर असतात. आता हिशेब मांडा. दहा लाखांपैकी दोन लाख इथे ठेवले आणि हा निर्देशांक वर्षाला दोन टक्क्यांनी पुढे राहिला, असं धरू (हे माझं उदार गृहीतक आहे), तर जादा मिळकत ४,००० रुपये. फंडाचा खर्च ०.३ टक्का जास्त असेल तर त्यातले ६०० गेले. उरले ३,४००, म्हणजे एकूण रकमेवर ०.३४ टक्का. एवढ्यासाठी तेजीत तीन-तीन वर्षं मागे राहणं सोसावं लागतं, आणि नेमका तिथेच अनुभवी माणूसही कच खातो. मागे पडलेला फंड विकतो आणि नफा सव्वा लाखाच्या सवलतीपलीकडे गेला तर साडेबारा टक्के करही भरतो. शिवाय या निर्देशांकाचा आलेख २००५ पासून दिसतो, पण निर्देशांक सुरू झाला २०१६ मध्ये. आधीचा भाग मागाहून मोजलेला आहे. मंदीत घाबरून विकणाऱ्याला हा निर्देशांक कमी घसरल्याने टिकून राहायला मदत करील, हे मात्र मी मानतो.