भाडे एकाचे, जोखीम दुसऱ्याची

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टेरी टॉवेलचा कंटेनर परदेशी जातो, तेव्हा करारपत्रावर 'एफओबी न्हावा शेवा' किंवा 'सीआयएफ' अमुक बंदर अशी अक्षरे असतात. देशांतर्गत व्यापारात 'पोच' भावाने माल विकला की ट्रकचे भाडे विकणाऱ्याचे आणि माल गिऱ्हाइकाच्या दारी उतरेपर्यंतची जबाबदारीही बहुधा त्याचीच, ही आपल्या पेढ्यांना अंगवळणी पडलेली रीत आहे. त्यामुळे सीआयएफ म्हणजे परदेशी बंदरापर्यंतचा 'पोच' भाव असा समज सहज होतो. तो खरा नाही.

एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा, जहाजभाडे आणि विमा खरेदीदाराचा. सीआयएफमध्ये ठरलेल्या बंदरापर्यंतचे भाडे व विम्याचा हप्ता विक्रेता भरतो आणि ती रक्कम भावात धरतो. परंतु जोखमीची रेषा दोन्हीकडे एकच आहे. 'इन्कोटर्म्स २०२०' या नियमांप्रमाणे माल जहाजावर चढला की नुकसानीची जोखीम खरेदीदाराकडे जाते. म्हणजे सीआयएफमध्ये भाडे विक्रेत्याच्या खिशातून जाते, पण समुद्रावरचा माल खरेदीदाराच्या जोखमीवर असतो.

याचे टोकाचे उदाहरण पहिल्या महायुद्धातील आहे. मार्च १९१७ मध्ये 'अल्गॉनक्विन' हे जहाज पाणबुडीने बुडवले. त्यावर सीआयएफ अटीने विकलेला स्टार्च होता. जहाज बुडाल्यानंतर विक्रेत्याने कागदपत्रे पुढे केली. पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने सांगितले, की माल बुडाल्याचे ठाऊक असतानाही विक्रेता कागदपत्रे देऊन पैसे मागू शकतो. तरीही विक्रेता हरला, कारण त्याने योग्य विमापत्र न देता विमा उतरवल्याचे केवळ पत्र दिले होते. सीआयएफ विक्रीचा प्राण कागदांत आहे. बुडालेल्या मालाच्या जागी खरेदीदाराच्या हाती विम्याचा हक्क तरी यायला हवा.

आता हिशेब पाहू. समजा, एका कंटेनरातील टॉवेलांची एफओबी किंमत ४०,००० डॉलर, भाडे २,००० आणि हप्ता १०० डॉलर. सीआयएफ भाव झाला ४२,१००. नियमानुसार विमा किमान ११० टक्के रकमेचा, म्हणजे ४६,३१० डॉलरचा हवा. भाव पक्का झाल्यावर भाडे ५,००० डॉलर झाले, तर वाढीव ३,००० विक्रेत्याच्या अंगावर येतात. एफओबी असते तर खरेदीदाराने भरले असते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपकडील भाडी भडकली. तेव्हा ही तफावत अनेकांना कळली. म्हणून सीआयएफ भाव देताना त्याची मुदत अल्प ठेवावी, किंवा अमुक रकमेवरील भाडेवाढ खरेदीदाराची, असे करारातच लिहावे.

विम्याचा प्रकारही पाहावा. इन्कोटर्म्सला सीआयएफसाठी किमान 'क्लॉज सी' पुरतो. त्यात आग, जहाज बुडणे, टक्कर यांसारखी मोठी संकटे येतात. पण कंटेनरच्या फटीतून खारे पाणी शिरून टॉवेल भिजले अथवा चोरी झाली, तर भरपाई मिळत नाही. जहाज बुडण्यापेक्षा कापडी माल भिजणे अधिक संभवते. जोखीम खरेदीदाराची असली, तरी भरपाई न मिळालेला खरेदीदार पुढची ऑर्डर देताना विचार करील. 'क्लॉज ए' घेऊन वाढीव हप्ता भावात धरावा. मात्र तोही पॅकिंगमधील दोष किंवा उशिराने झालेले नुकसान भरून देत नाही.

राहिला रेषेच्या अलीकडचा टप्पा. सोलापूरहून निघालेला कंटेनर बंदराच्या यार्डात जहाजाची वाट पाहत काही दिवस उभा राहतो. कंटेनर जहाज कंपनीच्या ताब्यात दिला असला, तरी एफओबी व सीआयएफ दोन्हींत हे दिवस विक्रेत्याच्याच जोखमीचे असतात. एफओबी विक्रेत्याला वाटते, विमा खरेदीदाराने घेतला आहे. पण खरेदीदाराचा विमा साधारणतः त्याची जोखीम सुरू झाल्यावरच उपयोगी पडतो. यार्डात माल भिजला तर विक्रेत्याच्या हाती काहीच उरत नाही. कारखान्यापासून जहाजावर चढेपर्यंतचा स्वतंत्र विमा घेणे हा एक उपाय. दुसरा, कंटेनरच्या मालासाठी 'एफसीए' ही अट मागणे. त्यात ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या हवाली होताच जोखीम खरेदीदाराकडे जाते.

करारावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: भाडे कुठपर्यंत माझे, आणि जोखीम कुठपर्यंत माझी? सीआयएफमध्ये त्यांची उत्तरे दोन निरनिराळ्या बंदरांची नावे देतात.