चार मिनिटांची गोष्ट दोन मिनिटांत. ‘४-३-२’ सरावाने वेग वाढतो, चुकांचे काय?

व्याकरण येते, शब्द माहीत असतात. तरी इंग्रजी बोलताना वाक्य मध्येच अडते. या अडखळण्यावर भाषावर्गांत ‘४-३-२’ हा सराव घेतला जातो. कीथ मॉरिस यांनी तो १९८३ मध्ये मांडला आणि न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनातून तो शिक्षकांपर्यंत पोहोचला.

नेमके काय करतात?

विद्यार्थी जोड्यांनी बसतात. एक जण ओळखीचा प्रसंग चार मिनिटे सांगतो. मग जोडीदार बदलतो आणि तोच प्रसंग तीन मिनिटांत सांगायचा. तिसऱ्या जोडीदाराला दोनच मिनिटांत. श्रोत्याने मध्ये काही विचारायचे नाही. श्रोता दर वेळी नवा लागतो, कारण तीच व्यक्ती समोर असेल तर सांगणारा उगाच नवी माहिती जोडू लागतो.

पहिल्या फेरीत डोके दोन कामांत गुंतलेले असते : काय सांगायचे आणि कोणत्या शब्दांत. तिसऱ्या फेरीपर्यंत पहिले काम जवळपास संपलेले असते आणि लागणारे शब्दही नुकतेच वापरून झालेले असतात. त्यामुळे वेग वाढतो.

समजा, एकीने बस चुकल्याचा किस्सा चार मिनिटांत ३२० शब्दांत सांगितला. म्हणजे मिनिटाला ८० शब्द. दोन मिनिटांच्या फेरीत तिने २१० शब्द वापरले, तर वेग १०५ झाला. मात्र नुसता हा आकडा फसवू शकतो. किस्स्याचा अर्धा भाग गाळला असेल किंवा ती फक्त घाईने बोलली असेल, तर ती प्रगती नव्हे. वाक्याच्या मधोमध होणारे थांबे कमी झाले का, हे फोनवरचे रेकॉर्डिंग ऐकून तपासावे.

अडचण कुठे आहे?

तिने पहिल्या फेरीत ‘यस्टरडे आय मिस द बस’ म्हटले, तर तिसऱ्या फेरीतही ‘मिस’चे ‘मिस्ड’ होण्याची शक्यता कमीच. घड्याळ पुढे पळत असताना तयार वाक्यच तोंडी येते. फ्रँक बोअर्स यांनी २०१४ मध्ये नेमके हेच दाखवले : अनेक चुका पुढच्या फेऱ्यांत जशाच्या तशा उतरतात. थाई आणि बोअर्स यांच्या २०१६ च्या अभ्यासात वेळ कमी होत गेलेल्या गटाचा वेग अधिक वाढला; पण अचूकता सुधारली ती वेळ तेवढाच ठेवलेल्या गटाची.

वर्गात ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. तीन फेऱ्या सलग उरकल्या, की टाळ्या. त्याऐवजी चार मिनिटांच्या फेरीनंतर थांबून दोन-तीन चुका दाखवाव्यात, मगच वेळ कमी करावा. मुळात गोष्टच अवघड असेल आणि पहिल्या फेरीतच शब्द शोधावे लागत असतील, तर त्या दिवशी ‘४-३-२’ नको. आधी सोपा प्रसंग निवडावा.