धड्याच्या मथळ्यातच उत्तर

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाची खरी गाठ पडते ती 'डेम' आणि 'डेन' या दोन एवढ्याशा शब्दांशी. हातभर लांब शब्द पाठ होतात. घशातून काढायचा 'ख' आपल्याला फारसा जड जात नाही. पण 'टेबलावर' म्हणायचं म्हटलं की गाडी अडते, कारण जर्मन माणूस लगेच विचारतो, टेबलावर ठेवतोयस की टेबलावर आहे?

मराठीत दोन्हीकडे एकच 'वर' चालतो. पुस्तक टेबलावर ठेवलं, पुस्तक टेबलावर आहे. जर्मनमध्ये ठेवताना 'आउफ डेन टिश' आणि असताना 'आउफ डेम टिश'. पहिली अक्कुझाटिव म्हणजे साधारण आपली द्वितीया, दुसरी डाटिव म्हणजे साधारण चतुर्थी. अशी दुहेरी चालणारी नऊ शब्दयोगी अव्ययं आहेत (जर्मनमध्ये ती नामाच्या आधी येतात, पण नाव आपलंच वापरतो). त्याशिवाय 'मिट', 'बाय', 'त्सू' अशी काही कायम डाटिव घेणारी आणि 'फ्युअर', 'ओनं', 'डुर्ख' अशी काही कायम अक्कुझाटिव घेणारी. म्हणजे एकूण तीन डबे. कुठलं अव्यय कुठल्या डब्यातलं, हे बोलता बोलता ठरवायचं असतं.

आता हे शिकवतात कसं? सोमवारी डाटिववाली, मंगळवारी अक्कुझाटिववाली, बुधवारी दुहेरी. प्रत्येक धड्यामागे वीस वाक्यं, गाळलेल्या जागा भरा. माझी एक मामेबहीण नाशिकला नर्स आहे आणि इकडे यायच्या तयारीत आहे. तिच्या क्लासची वही मी पाहिली तेव्हा पानोपानी बरोबरच्या खुणा होत्या. वीसपैकी वीस, वीसपैकी एकोणीस. मग महिन्याच्या शेवटी एकत्र परीक्षा झाली आणि निम्मी वाक्यं चुकली. क्लासचं म्हणणं, सराव कमी पडतोय, अजून वीस-वीस वाक्यं सोडव.

माझं म्हणणं वेगळं आहे. सराव कमी नव्हता, नको त्या गोष्टीचा होता. पानाच्या वर 'डाटिव' असा मथळा असेल तर खाली विद्यार्थ्याला एकच काम उरतं: नामाचं लिंग आठवायचं आणि 'डेम' किंवा 'देर' लिहायचं. 'इथे डाटिव का?' हा प्रश्नच त्या पानावर पडत नाही. त्याचं उत्तर छापणाऱ्याने आधीच मथळ्यात देऊन ठेवलेलं असतं. नंतर बोलताना मात्र वाक्यावर मथळा नसतो! आमच्या प्रयोगशाळेत बेअरिंगमधला दोष ओळखायची पद्धत तपासायची असेल तर आम्ही तिला एकाच दोषाचे शंभर नमुने देत नाही. दिले तर डोळे मिटून दर वेळी तेच उत्तर देणारी पद्धतही शंभर टक्के गुण मिळवेल. वहीतल्या बरोबरच्या खुणा बऱ्याचशा याच जातीच्या.

यावर संशोधन झालेलं आहे. त्यातला सर्वांत बोलका प्रयोग व्याकरणाचा नाही, गणिताचा आहे. अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका आकृतीची गणितं संपवून मग दुसरीची घेतली, काहींना सगळी गणितं मिसळून दिली. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळवाले ६३ वर होते. सूत्रं दोघांनाही शिकवलेली होती. कुठलं सूत्र कुठे लावायचं, याचा सराव मात्र एकाच गटाचा झाला होता.

पण गणित ते गणित, भाषेचं काय? २०१९ साली तात्सुया नाकाता आणि युइची सुझुकी यांनी ११५ जपानी विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. इंग्रजी व्याकरणाच्या पाच रचना आणि तीन गट: एका वेळी एक, सगळं मिसळून, आणि आधी एकेक मग मिसळ. सराव चालू असताना मिसळवाल्यांच्या चुका सर्वांत जास्त झाल्या. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र एकेक रचना घोटणाऱ्यांपेक्षा तेच सरस ठरले. 'आधी एकेक, मग मिसळ' हा मधला मार्ग ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण सुरुवातीपासूनच्या मिसळीला त्याने मागे टाकलं असं दिसलं नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्टीव्हन पॅन आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिशच्या दोन भूतकाळांवर काम केलं. 'तो गेला' आणि 'तो जात असे' यांच्यात आपण करतो तसाच काहीसा भेद तिथे आहे, आणि शिकणारे हमखास गोंधळतात. मिसळीचा फायदा स्पष्ट दिसला तो सराव आठवड्याच्या अंतराने दोन बैठकांत केला तेव्हा. एकाच बैठकीत उरकला तेव्हा तसा दिसला नाही. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं एकत्र कालवून घोटलं तर काही पदरात पडेल अशी आशा या प्रयोगांच्या भरवशावर धरू नये.

आता जर्मनकडे परत येतो, कारण तिथे मिसळ का लागते ते एका उदाहरणात दिसतं. दुहेरी अव्ययांच्या धड्यात नियम शिकवतात: हालचाल असेल तर अक्कुझाटिव, स्थिर असेल तर डाटिव. त्या धड्यातली बरीचशी वाक्यं या नियमाने सुटतात. मग विद्यार्थ्याला 'डॉक्टरकडे जातो' म्हणायचं असतं. हालचाल आहे, म्हणून तो 'त्सू डेन आर्त्स्ट' म्हणतो. चूक! 'त्सू' कायम डाटिव घेतो, हालचाल असो वा नसो, म्हणून 'त्सू डेम', बोलताना जोडून 'त्सुम आर्त्स्ट'. 'बसने जातो' यातही हालचाल आहे, तरी 'मिट डेम बुस'. म्हणजे आधी डबा ओळखायचा, आणि डबा दुहेरी निघाला तरच हालचालीचा विचार करायचा. हा क्रम बुधवारच्या पानावर कधीच वापरावा लागत नाही, कारण तिथे डबा एकच असतो.

खुद्द दुहेरी डब्यातही 'हालचाल' हा शब्द फसवा आहे. 'बागेत गेलो' आणि 'बागेत फिरलो', मराठीत दोन्हीकडे 'बागेत'. हालचाल दोन्हीकडे आहे. पण बागेत शिरताना 'इन डेन पार्क' आणि आतल्या आत फिरताना 'इम पार्क', म्हणजे 'इन डेम'. विचारायचं ते 'हलतोय का' असं नाही, 'जागा बदलून तिथे पोचतोय का' असं. ही चार वाक्यं (डॉक्टर, बस, बागेत जाणं, बागेत फिरणं) एकाखाली एक लिहून पाहा. वेगवेगळ्या पानांवर त्यांच्यातला फरक कुणी सांगूनही कळत नाही, शेजारी ठेवली की आपोआप दिसतो.

बहिणीला मी एवढंच करायला सांगितलं: तिन्ही धड्यांतली मिळून चोवीस वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरव, मथळे टाकून दे, पिसून घे. उत्तराच्या शेजारी दोन शब्दांत कारण लिही. आणि चुकलं की चूक कुठल्या जातीची ते बघ. टेबलावर ठेवताना 'आउफ डेम टिश' लिहिलं असेल तर निवड चुकली. त्याला औषध मिसळ. पण 'पुस्तक टेबलावर आहे' इथे 'आउफ देर टिश' लिहिलं असेल तर विभक्ती बरोबर निवडली, 'टिश' स्त्रीलिंगी समजून रूप चुकलं. ती चूक कितीही चिठ्ठ्या पिसल्या तरी जाणार नाही. त्यासाठी नामं लिंगासकट पाठ करणं आणि रूपांचा तक्ता घोटणं हाच उपाय, अगदी शाळेत संस्कृतला 'देव: देवौ देवा:' घोटलं तसं. घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. रूप तोंडात बसलेलंच नसेल तर निवडणार काय?

तिच्या पहिल्या चिठ्ठ्यांत बहुतेक चुका पहिल्या जातीच्या निघाल्या. रूपं तिला येत होती. म्हणजे क्लासने सांगितलेली आणखी वीस-वीस वाक्यं तिच्या काहीच कामाची नव्हती.

मिसळ सगळीकडे चालते असंही नाही. शॅना कार्पेंटर आणि फ्रँक म्यूलर यांनी २०१३ साली फ्रेंच उच्चारांचे नियम शिकवून पाहिले, म्हणजे अमुक अक्षरं एकत्र आली की अमुक उच्चार. तिथे उलटं झालं: एका नियमाचे शब्द सलग दिलेले बरे ठरले. मला याचं कारण असं दिसतं की तिथे अनेक शब्दांतलं साम्य हेरायचं असतं, आणि सारखे शब्द लागोपाठ आले की ते चटकन दिसतं. व्याकरणात जिथे दोन गोष्टींतला फरक ओळखायचा असतो तिथे त्या शेजारी हव्यात. म्हणून विभक्ती, अंकांची नावं आणि कर्मणी प्रयोग अशी भेळ करण्यात मला अर्थ दिसत नाही. ते एकमेकांत गोंधळतच नाहीत. शिवाय नाकाता-सुझुकींची परीक्षा आठवडाभरानंतरची होती. घाईच्या संभाषणात, समोर पेशंट कण्हत असताना हे कितपत टिकेल, हा निराळा प्रश्न आहे.

असो. हे सगळं इतकं लांबण लावून लिहायचं कारण म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला आणि तेव्हापासून आपल्याकडे जर्मनच्या क्लासांची चर्चा वाढली. नर्सला साधारणपणे बी-२ पातळी लागते, त्याआधी तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला फी आणि काही महिने. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलीला त्यातला एक महिनाही स्वस्त नसतो. क्लासवाल्यांची अडचण मी समजू शकतो. मिसळ दिली की विद्यार्थी चुकतो, हिरमुसतो, पालक विचारतात की मुलीला काही येत का नाही. सलग वीस बरोबर खुणा दाखवल्या की सगळे खूश. फी भरताना एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या महिन्याचे धडे या महिन्याच्या स्वाध्यायात, मथळ्याशिवाय, मिसळून येतात का? 'ते आम्ही शेवटी उजळणीत घेतो' असं उत्तर आलं तर चिठ्ठ्या तुम्हालाच कापाव्या लागतील. पोस्टकार्डाच्या चतकोराएवढ्या पुरतात, आणि उत्तर मागच्या बाजूला लिहावं, नाहीतर पिसताना दिसतं.