दोन गोळ्या, दोन उलट चुका

आपल्या घरांमध्ये मानसिक आजाराच्या सगळ्या औषधांना एकच नाव आहे, ‘झोपेची गोळी’. या एका नावामुळे बरेच नुकसान होते. जी गोळी चालू ठेवायला हवी ती आपण मध्येच सोडतो आणि जी थोडे दिवसच घ्यायची असते ती वर्षानुवर्षे चालू ठेवतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. चाळिशीतल्या एका बाईला उदासीनता आणि सततची धास्ती आहे. डॉक्टर सकाळी 10 मिलिग्रॅम एस्सिटॅलोप्रॅम आणि रात्री 0.5 मिलिग्रॅम क्लोनाझेपाम लिहून देतात. पहिले औषध उदासीनतेवरचे आहे, पण धास्तीवरही चालते. त्याचा असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते, म्हणून दुसरी गोळी सोबत असते. ती तासाभरात मन शांत करते, पण रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय होऊ लागते. म्हणून ती शक्यतो दोन-चार आठवड्यांपुरतीच असते.

तीन महिन्यांनी बाईला बरे वाटते. रमजान तोंडावर आलेला असतो. घरचे म्हणतात, ‘आता बरी आहेस ना? मग कशाला गोळ्या?’ ती सकाळची गोळी एकदम बंद करते. रात्रीची मात्र जुन्या चिठ्ठीवर चालू राहते, कारण तिच्याशिवाय डोळा लागत नाही. म्हणजे नेमके उलटे झाले.

दोन-चार दिवसांत तिला चक्कर येते, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, विचित्र स्वप्ने पडतात, उगाच रडू येते. घरात दोन निष्कर्ष निघतात. एक, गोळीचे व्यसन लागले. दोन, आजार परतला. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. मेंदूने औषधाशी जुळवून घेतलेले असते. औषध अचानक गेले की पुन्हा जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. व्यसनात असते तशी ओढ किंवा डोस वाढवत जाण्याची हाव इथे नसते.

फरक ओळखायचा कसा? औषध सुटल्याचा त्रास सहसा काही दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर आणि झटके यांसारखी पूर्वी नसलेली लक्षणे असतात आणि औषध पुन्हा सुरू केले की तो बहुधा लवकर शमतो. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच लक्षणांसह. औषधागणिक फरकही आहे. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे त्रास लवकर आणि जास्त होतो. फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळते, म्हणून त्रास कमी किंवा उशिरा होतो.

रात्रीच्या गोळीचा धोका वेगळा आहे. ती मेंदूचा ब्रेक दाबून धरते. महिनोन् महिने रोज घेऊन एका रात्रीत सोडली, तर ब्रेक अचानक सुटतो. झोप उडते, हात थरथरतात, घबराट होते, क्वचित आकडीही येते. आकडी जिवावर बेतू शकते, तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

मग सोडायचे कसे? पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसाने बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने उदासीनतेवरचे औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्यानंतर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. 10 वरून 5, काही आठवडे थांबून आणखी कमी. शेवटचे टप्पे सर्वांत लहान लागतात, कारण कमी डोसचाही मेंदूवर बराच प्रभाव असतो. त्रास झाला तर आधीच्या डोसवर येऊन थांबतात. क्लोनाझेपाम याहून हळू, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी करतात. वेळापत्रक प्रत्येकाचे निराळे असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता रोजाचा प्रश्न. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुधा सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. पण ही विचारणा रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे व्हायला हवी, चंद्र दिसल्यावर नव्हे. आणि रोजा झेपणारच नसेल, तर आजाऱ्याला तो नंतर पुरा करण्याची सवलत सूरह बकराच्या 185 व्या आयतीतच आहे. साखरेच्या आजारासाठी ही सवलत आपण निमूट मान्य करतो. मनाच्या आजाराला मात्र इमानाची कमजोरी म्हणतो. हा भेद कुरआनाने केलेला नाही, आपण केलेला आहे.

घरात कुणी ‘गोळी सोडते’ म्हणाले, तर शाबासकी देण्याआधी दोन गोष्टी विचारा: कोणती गोळी, आणि डॉक्टरांनी सोडायचा कागद करून दिला आहे का?