पुंजीतून उचल किती करावी?

दुकानाच्या जमाखर्चात मालकाने घरखर्चासाठी काढलेल्या रकमेला उचल म्हणतात. दुकान चालू असताना ती जास्त झाली, तर पुढच्या हंगामात भरून निघते. व्यवहार मुलाच्या स्वाधीन केल्यावर मात्र उचल साठवलेल्या पुंजीतूनच होते.

अमेरिकेतील वित्तीय सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तेथील १९२६ पासूनचे आकडे तपासून एक प्रमाण मांडले. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे चार टक्के उचल करावी व पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवावी. समभाग आणि रोखे यांत विभागलेली पुंजी मग तीस वर्षे पुरते.

समजा, तुमसरच्या धानबाजारातून दोन भाऊ वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झाले. प्रत्येकाने एक कोटी रुपये समभागांच्या म्युच्युअल फंडात ठेवले. दोघांची उचल वर्षारंभी सहा लाख, महागाई सहा टक्के. थोरल्याच्या वाट्याला पहिल्या वर्षी तीस टक्के घट, नंतर दहा टक्के व तीस टक्के वाढ आली; धाकट्याच्या वाट्याला हेच आकडे उलट क्रमाने आले. उचल नसती, तर तीन वर्षांनी दोघांकडेही सुमारे एक कोटीच उरले असते. उचलीमुळे थोरल्याकडे सुमारे ७६ लाख उरतात, धाकट्याकडे ८४ लाख. पडत्या भावात युनिटे विकून घर चालवले, की तेजी आल्यावर वाढायला ती युनिटेच शिल्लक नसतात. असे वर्ष काल्पनिक नाही: २००८ साली सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता.

म्हणून सगळी पुंजी मुदत ठेवीत ठेवावी, असे अनेकांना वाटते. तेथे घसरण नाही, पण व्याज ठरावीक राहते. सहा टक्के महागाईत आजचा सहा लाखांचा खर्च बारा वर्षांत बारा लाख होतो.

यावर मधला मार्ग असा, की तीन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत वेगळा ठेवावा. मंदीत उचल तेथून करावी, तेजीत ती ठेव पुन्हा भरावी. बेंगेन यांचे प्रमाण अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेले आहे. आपल्याकडे महागाई अधिक असल्याने साडेतीन टक्के धरणे सावधपणाचे. त्या हिशेबाने सहा लाखांच्या उचलीस सुमारे १ कोटी ७१ लाख लागतात. यात राहते घर, गोदाम आणि न वसूल झालेली उधारी धरू नये. त्यांतून दरमहा किराणा येत नाही.

दिवाळीत नवी वही घालताना वर्षाची उचल उरलेल्या पुंजीच्या किती टक्के झाली, ते लिहून ठेवावे. उदाहरणातल्या थोरल्या भावाचा आकडा सहावरून चौथ्या वर्षी नऊच्या वर जातो. आकडा असा चढू लागला, की त्या वर्षी उचलीतील महागाईची वाढ थांबवावी. पहिल्या पाच-सात वर्षांत केलेला हा संयमच पुढची वीस वर्षे तारतो.